क्यू टाकू का के?

कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. संच म्हटला की बॉयलर आला, बॉयलर म्हटला की त्याच्या मैलोगणती नळ्या आल्या आणि नळ्या म्हटल्या की वेल्डर आला. ओव्हरहॉलच्या दिवसांत कंत्राटदार ज्याच्या मागे-पुढे फिरतो असा हात बसलेला वेल्डर गावात फार काळ टिकत नाही. त्याच कामाला आखातात मागणी असते. मग एक दिवस तो हेल्मेट काढून ठेवतो, कागदांची प्लास्टिकची पिशवी काखोटीला मारतो आणि नागपूर रोडवरच्या एखाद्या ऑनलाइन सेंटरात जाऊन बसतो. या सेंटरात झेरॉक्स, लॅमिनेशन, आधार, पॅन, सातबारा आणि परदेश एकाच काउंटरवर मिळतात.

समजा या वेल्डरचं नाव शेख ज़ुल्फ़िक़ार शेख वहीद. विदर्भात ही पद्धत रुळलेली आहे: आधी शेख, मग स्वतःचं नाव, पुन्हा शेख, मग वडिलांचं. नाव सांगताना ऐकणाऱ्याला वाटतं, दोन माणसं आली आहेत.

"चाचा, क्यू टाकू का के?" काउंटरवरचा पोरगा विचारतो.

"कशात?"

"झुल्फिकारात."

"लाव बावा जे बरोबर असन ते."

सगळा घोळ या ‘बरोबर’पाशी आहे. पिशवीतून कागद निघतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर Zulfiqar आहे, आधारवर Julfikar, लायसन्सवर Zulfikar, आणि लग्नाच्या वेळी काज़ीसाहेबांनी लिहिलेल्या निकाहनाम्यावर इंग्रजी काहीच नाही. तिथे उजवीकडून डावीकडे झोकात लिहिलेलं उर्दू आहे. गंमत अशी की या सगळ्या पिशवीत नाव शंभर टक्के बरोबर लिहिलेला कागद तेवढा एकच आहे, आणि काउंटरपलीकडे तो कुणालाच वाचता येत नाही.

व्हिसाच्या बाबतीत नावांच्या स्पेलिंगवरून बोंब झाली की दोष कारकुनावर जातो. कारकून बिचारे निमित्तमात्र असतात. अरबी लिपी मुळात व्यंजनांची लिपी आहे. आ, ई, ऊ हे दीर्घ स्वर तिच्यात लिहिले जातात. अ, इ, उ हे ऱ्हस्व स्वर आणि व्यंजनाचं द्वित्व यांच्यासाठी वर-खाली द्यायच्या खुणा आहेत, पण रोजच्या लिहिण्यात त्या कुणी देत नाही. कुराणात त्या असतात, शाळेच्या पहिल्या पुस्तकात असतात, रेशन कार्डावर कशाला असतील? त्यामुळे जगातल्या सर्वांत जास्त पुरुषांच्या वाट्याला आलेल्या नावांत जे मोडतं, ते कागदावर फक्त चार अक्षरांचं असतं: मीम, हे, मीम, दाल. म-ह-म-द. मधले स्वर वाचणाऱ्याने आपल्या कानातून आणायचे. नागपूरकराच्या कानात मोहम्मद असतो, इजिप्तच्या माणसाच्या कानात मोहामेद, तुर्काच्या कानात मेहमेत. मग इंग्रजीत Mohammad, Muhammad, Mohammed, Mohamed अशी वरात निघते. आपल्याकडे जागा वाचवायला Mohd. करतात, बंगालकडे Md., आणि मग परदेशातला अधिकारी विचारतो की हा माणूस डॉक्टर आहे का.

असं नाही की कुणी यावर उपाय शोधला नाही. जगभरच्या पासपोर्टांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात अरबी अक्षरांसाठी एक तक्ता आहे. त्यात प्रत्येक अक्षराला एक ठरलेला रोमन पर्याय दिला आहे आणि जी अक्षरं इंग्रजीत नाहीत त्यांच्यापुढे X लावला आहे. या तक्त्याने मोहम्मद लिहिला तर तो MXHMD होतो. यंत्राच्या दृष्टीने हे अगदी चोख आहे: एकही अक्षर हरवत नाही आणि उलट फिरवलं की अरबी जशीच्या तशी परत मिळते. फक्त हे नाव पुकारायचं असेल तर विमानतळावरच्या बाईंनी काय करावं, ते तक्त्यात दिलेलं नाही. देशांनी बहुतेक वेळा हा तक्ता मान देऊन बाजूला ठेवला आणि नावं उच्चाराप्रमाणेच लिहिणं चालू ठेवलं, आणि उच्चार तर दर दोनशे कोसांवर वेगळा.

लिबियाच्या गद्दाफीचं उदाहरण जुनं आहे, पण नामी आहे. त्याचं आडनाव ‘क़ाफ़’ने सुरू होतं. साहित्यिक अरबीत त्याचा क़, लिबियाच्या बोलीत ग. पुढचं अक्षर ‘ज़ाल’, त्याचे बोलीप्रमाणे द, ध, झ. त्यामुळे इंग्रजी वर्तमानपत्रांत Q, K, G यांपैकी कुठल्याही अक्षराने हा माणूस निघायचा. १९८६ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या शाळकरी मुलांनी त्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्यावर अरबी सही आणि तिच्याखाली टंकलेलं नाव होतं Moammar El-Gadhafi. संपादकांना वाटलं, चला, साक्षात मालकाने निकाल दिला. पण पुढे त्याच्याच नावाच्या संकेतस्थळाने Gathafi अशी तिसरीच वाट धरली.

आपल्या ज़ुल्फ़िक़ारची जातकुळीही तीच. उर्दूत हे नाव ज़ाल, वाव, अलिफ, लाम, फे, क़ाफ़, अलिफ, रे अशा आठ अक्षरांचं आहे. अक्षर न् अक्षर उतरवलं तर काहीतरी ‘ज़्वालफ़्क़ार’ होईल. कारण मूळ अरबी शब्द दोन आहेत, ‘ज़ू’ आणि ‘अल-फ़क़ार’, आणि ते सलग म्हणताना पहिल्याचा दीर्घ ऊ आखडतो, मधला अलिफ लिहितात पण म्हणत नाहीत. त्यातून पहिला ज़ाल अरबांच्या तोंडी इंग्रजी ‘धिस’मधल्या ध-सारखा. म्हणून इराकमध्ये हाच गृहस्थ Dhulfiqar किंवा Thulfiqar होतो, आणि पाकिस्तानच्या पंतप्रधानपदापर्यंत पोचलेले भुट्टो मात्र साध्या k ने Zulfikar. पंतप्रधानाला जर के चालतो, तर कोराडीच्या वेल्डरला क्यू का लागतो, याला तर्काचं उत्तर नाही. दहावीच्या वेळी त्याच्या वर्गशिक्षकांना q आवडला, एवढंच.

इथवरचा गोंधळ लाहोरपासून लखनौपर्यंत सगळ्यांचा. महाराष्ट्रात त्यात आणखी एक स्टेशन लागतं, आणि गाडी तिथे चांगली तासभर थांबते. इथे नाव उर्दूतून थेट इंग्रजीत जात नाही. ते आधी ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीत किंवा शाळेच्या दाखल्यात मराठीत उतरतं, आणि मग कधीतरी कुणीतरी ते मराठी पाहून इंग्रजी करतं.

मराठीत ‘ज’ला दोन आवाज आहेत. जगातला ज वेगळा, जुन्यातला वेगळा. ग्रामसेवकाने ‘जुल्फिकार’ लिहिलं आणि मराठी माणसाने ते ‘जुना’तल्या जुसारखं वाचलं, तर उच्चार मुळाच्या फार जवळ जातो. कानाला काहीच खटकत नाही. पण आधारच्या यंत्रावर बसलेल्याला ज दिसला की त्याचं बोट J वर पडतं, आणि माणूस Julfikar होतो. दुसरा ग्रामसेवक जाणता असतो. तो ‘झ’ वापरतो, कारण मराठी वर्तमानपत्रं झाकीर, झीनत, झहीर असंच छापतात. मग त्या झ चा एक जण Z करतो, दुसरा झेंड्यातला झ आठवून Jh करतो.

याहून खोल खड्डा आहे तो शुद्धलेखनाचा. मराठी शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असेल, तर त्याच्या आधीचा इ किंवा उ दीर्घ लिहायचा, हा नियम शाळेत छडी मारून शिकवलेला. गरीब, वकील, फूल. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्याला अपवाद आहेत, पण शेखांची नावं काही संस्कृतातून आलेली नाहीत, म्हणून त्यांना सूट नाही. ज़ाकिरचा झाकीर होतो, ताहिरचा ताहीर, साबिरचा साबीर. मुळात त्या नावांतला इ ऱ्हस्व आहे, म्हणून तर उर्दूत तो लिहिलेलाच नसतो. मराठीने त्याला मायेने दीर्घ केला, आणि मग उत्साही टंकलेखकाने ती माया इंग्रजीत Zakeer अशी दुप्पट केली.

तुम्ही म्हणाल, एका वेलांटीने काय बिघडतं. ज़ाकिरमध्ये नाही बिघडत. वहीदमध्ये बिघडतं.

अरबीत वाहिद हे एक नाव आहे आणि वहीद हे दुसरं. पहिल्यात वाव, अलिफ, हे, दाल: आ दीर्घ, इ ऱ्हस्व. दुसऱ्यात वाव, हे, ये, दाल: अ ऱ्हस्व, ई दीर्घ. धातू एकच, पण साचे दोन, आणि उर्दू वाचणारा यांत कधी चुकत नाही. अशा जोड्या डझनावारी आहेत: नासिर आणि नसीर, राशिद आणि रशीद, ज़ाहिर आणि ज़हीर. मराठीत आल्यावर उपांत्य दीर्घाच्या नियमाने वाहिदचा वाहीद होतो. आता वाहीद आणि वहीद यांत उरला फक्त एक काना. आणि इंग्रजीत गेल्यावर तो कानाही गळतो, कारण a म्हणजे अ आणि आ दोन्ही. दोन्ही माणसं Wahid. जुनी माणसं Waheed लिहायची. नव्या पोरांना तो डबल ई जुनाट वाटतो. खरं तर तो दिसायला ओबडधोबड असला तरी कामाचा होता, त्याच्यावरून निदान मूळ नाव ओळखू यायचं. श्रीरामपूरच्या झहीर खानने Zaheer असा डबल ई ठेवला, म्हणून त्याला कुणी ज़ाहिर करू शकत नाही.

आणि असंही नाही की इंग्रजीत फक्त गळतं. कधी भरही पडते. अरबीत हुसैनमध्ये ‘सीन’ एकच आहे, द्वित्व नाही. राष्ट्रपती झाकीर हुसेन एका s ने लिहीत, पंढरपूरला जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेनही एकाच s ने. तबलानवाज झाकीर हुसेन यांच्या नावात मात्र दोन s. दोन स्वरांच्या मध्ये एकटा s सापडला तर इंग्रज वाचक त्याचा झ करील, म्हणून दुसरा s सोबतीला दिलेला. राष्ट्रपती आणि उस्ताद, दोघांचंही नाव उर्दूत हुबेहूब एक, मराठीत हुबेहूब एक. इंग्रजीत आल्यावर मात्र ते वेगळे झाले.

आता आपला वेल्डर. त्याचा पासपोर्ट निघाला तो दहावीच्या गुणपत्रिकेवरून. फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, यंत्राने वाचायच्या, प्रत्येकी ४४ खणांच्या. त्यातली पहिली अशी:

```
P<INDSHAIKH<<ZULFIQAR<SHAIKH<WAHID<<<<<<<<<<
```

P म्हणजे पासपोर्ट, IND म्हणजे देश. मग आडनाव, मग दोन कोन, मग बाकीचं नाव, प्रत्येक शब्दामध्ये एक कोन, आणि उरलेल्या खणांत कोनच कोन. नावासाठी ३९ खण. इथे A ते Z शिवाय दुसरं काही चालत नाही. जोडरेघेच्या जागी कोन येतो आणि ऊर्ध्वस्वल्पविराम तर चक्क गायब होतो. सीमेवरचं यंत्र हीच ओळ वाचतं, आणि या ओळीत जे आहे ते त्या माणसाचं नाव. त्याच्या आईने ज्या नावाने हाक मारली ते नव्हे, काज़ीने लिहिलं ते नव्हे. सेंटरमधल्या पोराला हे पक्कं माहीत असतं. म्हणून तो शेवटी चाचांचा सल्ला सोडून पासपोर्ट उघडतो, तळाची ओळ बोटाने धरतो आणि एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करतो. मेडिकलच्या चिठ्ठीवर, तिकिटावर, वेल्डिंगच्या प्रमाणपत्रावर, सगळीकडे हीच अक्षरं. कुठलं स्पेलिंग शुद्ध हा वाद घालणाऱ्या विद्वानांपेक्षा या पोराचं शहाणपण जास्त आहे.

व्हिसा लागतो. वेल्डर सौदीला पोचतो. तिथे त्याचा इकामा, म्हणजे निवासाचं ओळखपत्र निघतं, आणि त्यावर नाव अरबीतही लागतं. मूळचं अरबी नाव, ते उर्दूत आलं, मराठीत गेलं, इंग्रजीत उतरलं आणि आता परत माहेरी आलं आहे. पण माहेरच्यांना ते ओळखू येत नाही. कारकुनापुढे फक्त पासपोर्ट आहे. ZULFIQAR वाचून त्याला मूळचा आठ अक्षरी शब्द सुचला तर उत्तम. नाही सुचला तर तो ऐकू येईल तसा ‘ज़े’ने सुरू होणारा नवाच शब्द बनवतो. आणि WAHID चं काय करायचं? वाहिद की वहीद? तो नाणेफेक करतो. छापा पडला तर कोराडीच्या वहीदमियांचा मुलगा रियाधमध्ये कुणा वाहिदमियांचा मुलगा होतो, आणि हे त्या मुलाला कळतंसुद्धा, कारण संपूर्ण साखळीत ते कार्ड वाचून चूक ओळखू शकणारा तोच पहिला माणूस असतो. शाळा उर्दूची ना!

त्याच्याबरोबर गेलेल्या फिटरला, समजा तो वानखेडे आहे, हे दुःख नाही. त्याचं नाव मुळात अरबी नाही, त्यामुळे बिघडलं तरी कळत नाही. कारकुनाला kh दिसलं की हात ‘ख़े’कडे जातो, खरवडून म्हणायच्या ख़ कडे. अरबी वर्णमालेत प नाही, म्हणून पाटील ‘बातील’ होतात. ग तर धड नाहीच: एखाद्या गजाननाचा ग एक कारकून ‘ग़ैन’ने लिहितो, दुसरा ‘काफ’ने, आणि कारकून इजिप्तचा असला तर ‘जीम’ने, कारण कैरोत जीमचा उच्चारच ग आहे. त्याच न्यायाने आपल्याला शिकवलेला नासर तिकडे जमाल नसून Gamal आहे.

वर्षभराने बायको-मुलांना बोलावायची वेळ येते. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई, वडील आणि जोडीदाराचं नाव छापलेलं असतं. बायकोने तिचा अर्ज भरला तेव्हा नवऱ्याच्या आधारची जुनी झेरॉक्स हाताशी होती, त्यामुळे तिच्या शेवटच्या पानावर नवरा Julfikar आहे. म्हणजे सरकारी हिशेबाने Zulfiqar शेखने Julfikar शेखच्या बायकोला बोलावलं आहे. आता निकाहनाम्याचं इंग्रजी भाषांतर हवं. अनुभवी अनुवादक असला तर मूळ कागद हातात घेण्याआधी दोघांचे पासपोर्ट मागतो आणि नावं तिथली उचलतो. भाषांतर बाकीच्या मजकुराचं. नवशिका असला तर उर्दू वाचून आपल्या मते निर्दोष स्पेलिंग करतो, आणि पिशवीत पाचवं रूप दाखल होतं. काज़ीसाहेबांचा हात घाईचा असेल आणि नुक्ते कुठेही पडले असतील तर विचारूच नका: ज़े वरचा नुक्ता राहिला की त्याचा रे होतो, आणि ज़ाहिदची वधू राहिदच्या घरी जाते.

मग ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र. ते पुरलं नाही तर राजपत्रात नावबदल. आधार सुधारायला जावं तर तिथे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि त्यातली एक संधी Julfikar चा Zulfikar करण्यात मागेच खर्ची पडलेली असते, कारण तेव्हा कुणीतरी के बरोबर म्हणून सांगितलं होतं. ज्याला अजून पासपोर्ट काढायचाय त्याने क्रम उलटा ठेवावा: आधी घरच्या सगळ्यांचे जुने कागद एका सतरंजीवर मांडावेत, सर्वांत जास्त कागदांवर असलेलं एक रूप निवडावं, मग ते शुद्ध असो वा नसो, आणि बायको-मुलांच्या अर्जांत नवऱ्याचं, बापाचं नाव त्याच अक्षरांनी भरावं.

दहा-बारा वर्षांनी वेल्डरचा मुलगा इंजिनिअर होऊन अमेरिकेला निघतो. पुन्हा तेच काउंटर, पोराच्या जागी आता त्याचा धाकटा भाऊ. अमेरिकेच्या अर्जात इंग्रजी नावाखाली आणखी एक चौकट येते: Full Name in Native Alphabet. बाप म्हणतो, उर्दूत लिही. मुलगा म्हणतो, आपण महाराष्ट्रातले, मराठीत लिही. काउंटरवाला म्हणतो, उर्दूचा कीबोर्ड आपल्याकडं नाही, मराठीचा आहे पण त्याला झ च्या खाली नुक्ता येत नाही. चौकटीच्या शेजारी सुदैवाने एक टिकमार्क असतो, Technology Not Available. तिघांनाही तो पटतो.

पुढचा प्रश्न: Do you have a telecode that represents your name? चिनी अक्षरांसाठी चार-चार आकड्यांचे हे संकेतांक तारायंत्राच्या काळात निघाले.

"चाचा, तुमच्यात नावाला नंबर रायते का?"

"रायला असता," शेख वहीदांचा मुलगा म्हणतो, "तर त्यातही दोन नंबर निघाले असते. नाही म्हण."